पत्त्यातली आडवी रेघ

(लेखमाला : मेल उघडण्याआधी, भाग ६)

सायली सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हिवाळ्यात तिने जर्मनीतल्या चाळीसेक प्राध्यापकांना इंटर्नशिपसाठी मेल केले होते. त्यामुळे रविवारी सकाळी निवड झाल्याचा मेल आला, तेव्हा तिला संशय यायचं कारणच नव्हतं. तीन महिने, दरमहा १२०० युरो, वर विद्यापीठाचं बोधचिन्ह. आईने देवापुढे साखर ठेवली. अशा मेलचं खरं बळ इथेच असतं : माणूस आधीपासून वाट पाहत असतो.

दुपारी मैत्रिणीने विचारलं, ‘‘कुठल्या सरांकडे गं?’’ सायलीने पुन्हा वाचलं. सरांचं नाव नव्हतं, विषय नव्हता. सुरुवात होती ‘Dear Candidate’ अशी. तिच्या सगळ्याच मेलांमध्ये विषय स्पष्ट लिहिलेला होता.

फोनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसत होतं. त्यावर टिचकी मारल्यावर पत्ता उघडला. विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा पत्ता `.de` ने संपतो. हा `-de.com` ने संपत होता. टिंबाच्या जागी आडवी रेघ. पत्ता उजवीकडून वाचायचा असतो : `.com` किंवा `.de` सारख्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतरचा भाग आणि टिंबाच्या लगेच आधीचा शब्द मिळून मालक ठरतो. इथे तो सगळा जोडशब्द `.com` खाली कोणीतरी विकत घेतलेला होता.

तरीही तिचं मन मानेना. तिने लॅपटॉपवर जीमेलमध्ये `Show original` उघडलं. SPF, DKIM, DMARC, तिन्हींपुढे `PASS`. तिला हायसं वाटलं, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. `PASS` म्हणजे मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला, एवढंच. डोमेनच ठगाचं असेल तर तोही पास होतो. पोस्टाचा शिक्का खरा असला म्हणून पत्र खरं ठरत नाही.

मग तिने `lookup.icann.org` वर ते डोमेन टाकलं. `Created` पुढची तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची निघाली. विद्यापीठ मात्र शंभर वर्षांहून जुनं.

मेलच्या शेवटी ‘व्हिसा प्रक्रियेसाठी’ २५० युरो अठ्ठेचाळीस तासांत भरायला सांगितलं होतं, तेही भारतातल्या एका व्यक्तीच्या खात्यावर. जर्मन व्हिसाची फी अर्जदार स्वतः व्हिसाचा अर्ज देताना भरतो; विद्यापीठाने ती अशी खासगी खात्यात मागण्याचं काही कारणच नाही.

तिने त्या मेलला उत्तर दिलं नाही. विद्यापीठाचं संकेतस्थळ स्वतः शोधून तिथल्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लिहिलं. मंगळवारी दोन ओळींचं उत्तर आलं : असं पत्र आम्ही पाठवलेलं नाही.

बाबांनी सोमवारीच पतसंस्थेतून पैसे काढून आणले होते. ‘‘बाबा, ते परत भरून या,’’ ती म्हणाली आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार लिहायला बसली.