पिवळ्या उधळणीतला लाल आलेख

सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावरून खंडोबाची पालखी कऱ्हा नदीकडे स्नानाला निघते, तेव्हा पायऱ्या, कमानी, दीपमाळा आणि माणसं सगळीच भंडाऱ्याने पिवळी होतात. गर्दीत गळ्यात कॅमेरे अडकवलेले लोकही कमी नसतात. दिवसभर ओंजळीतून उडणारा भंडारा टिपायचा, दर चार-पाच फोटोंनंतर मागच्या पडद्यावर नजर टाकायची, समाधानाने मान डोलवायची आणि पुढे सरकायचं. संध्याकाळी संगणकावर फोटो उघडले की मात्र अनेकांची निराशा होते. भंडाऱ्याच्या ढगाचा मधला भाग सपाट, लिंबासारखा पिवळा दिसतो. हळदीचे कण नाहीत, उधळणीचा धूसरपणा नाही, जणू कुणी तिथे पिवळा कार्डपेपर कापून चिकटवला आहे. फोटोग्राफरांच्या भाषेत, भंडारा ‘जळलेला’ असतो.

गंमत अशी, की हा फोटो काढणाऱ्याने पडद्यावर भरवसा न ठेवता शेजारचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, पाहिलेला असला तरीही असं घडू शकतं. कारण त्याने बहुधा चुकीचा हिस्टोग्राम पाहिलेला असतो.

आधी पडद्याविषयी. कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा उजेड मोजत नाही, नुसता फोटो दाखवतो, आणि तो कसा दिसेल हे भोवतालच्या उजेडावर ठरतं. भर दुपारच्या उन्हात पडदा मंद वाटतो, म्हणून चांगला फोटोही काळवंडलेला दिसतो आणि माणूस एक्स्पोजर वाढवून बसतो. रात्री उलटं होतं. अंधारात पडदा झगझगीत दिसतो, फोटो छान उजळ आल्याचं वाटतं, आणि घरी आल्यावर त्यात चेहरे शोधावे लागतात. आलेखाला ऊन-सावलीशी देणंघेणं नसतं, तो फक्त मोजणी दाखवतो.

ती कसली मोजणी? ‘हिस्टोग्राम’ हा शब्द फोटोग्राफीतला नाहीच. इंग्लंडमधले संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअर्सन यांनी तो १८९०च्या दशकात रूढ केला. शाळेतल्या गुणांचं उदाहरण घेतलं तर तो लगेच समजतो. आडव्या रेषेवर शून्यापासून शंभरपर्यंत गुण मांडायचे आणि प्रत्येक गुणावर, तितके गुण मिळालेली जेवढी मुलं तेवढा उंच खांब उभा करायचा. कॅमेऱ्यात मुलांच्या जागी फोटोतले लाखो ठिपके असतात आणि गुणांच्या जागी उजेड. डाव्या टोकाला ० म्हणजे ठार काळा, उजव्या टोकाला २५५ म्हणजे पांढराशुभ्र, आणि मध्ये करड्याच्या सगळ्या पायऱ्या. खांब एकमेकांना इतके खेटून असतात, की त्यांचा डोंगर दिसतो.

डोंगर डावीकडे गोळा झाला तर फोटो गडद, उजवीकडे सरकला तर उजळ. एवढं कुणालाही पाहता क्षणी कळतं. कामाची गोष्ट दोन्ही टोकांच्या भिंतींवर असते. परीक्षेचा पेपर फार सोपा निघाला, तर नव्वदच्या लायकीचा मुलगा आणि त्याच्यापेक्षा कितीतरी हुशार मुलगी दोघंही शंभरवर येऊन थांबतात, आणि गुणपत्रिकेवरून त्यांच्यातला फरक सांगता येत नाही. कॅमेऱ्यात प्रकाश प्रमाणाबाहेर आला की हेच होतं. पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या, ढगाच्या कडा, साखरेचे दाणे सगळे २५५वर जाऊन बसतात. आलेखात उजव्या भिंतीला टेकलेला एक उंच सुळका दिसतो. नंतर संगणकावर उजेड कमी केला, तर तो भाग पांढऱ्याचा करडा होईल, पण चुण्या परत येणार नाहीत, कारण त्या नोंदल्याच गेलेल्या नाहीत. डाव्या भिंतीशी असाच सुळका असेल, तर सावल्यांतला तपशील गेला.

चांगल्या फोटोचा डोंगर बरोबर मध्यभागी असला पाहिजे, हा मात्र गैरसमज आहे, आणि तो चिवट आहे. महाबळेश्वरच्या धुक्यात काढलेल्या फोटोचा आलेख मध्याच्या थोडा उजवीकडे, एखाद्या अरुंद टेकाडासारखा येतो. दोन्ही भिंती रिकाम्या असतात आणि तेच योग्य आहे, कारण धुक्यात ठार काळं काही नसतंच. रात्री पेटवलेल्या दीपमाळेचा आलेख जवळजवळ सगळा डावीकडे साचतो आणि ज्योतींपुरती एक बारीक रेघ उजव्या भिंतीला शिवते. ज्योत जळली तर जळू द्यावी. तो डोंगर ओढूनताणून मध्ये आणला, तर रात्रीची संध्याकाळ होईल.

कॅमेऱ्याचा स्वयंचलित मीटर नेमकी हीच ओढाताण करतो. समोर काय आहे याची त्याला फारशी जाण नसते. जे दिसेल ते सरासरी मधल्या करड्यावर यावं, असा त्याचा हिशेब असतो. म्हणून पंढरीच्या वाटेवर पांढऱ्या धोतर-टोप्यांची दिंडी चौकटभर घेतली, की कपडे मळकट येतात, आणि काळी म्हैस चौकटभर घेतली, की ती राखाडी होते. आता जेजुरीचा गड पाहा. काळसर दगडी पायऱ्या, कमानीखालच्या सावल्या, आणि मधोमध उन्हात चमकणारा भंडारा. मीटरला अंधारच जास्त दिसतो, म्हणून तो एक्स्पोजर वाढवतो, आणि त्याची किंमत भंडारा मोजतो.

समजा, दुपारच्या कडक उन्हात आयएसओ २००, छिद्र एफ ८ असं ठरवलंय आणि मीटरने १/५०० सेकंदाचा शटर सुचवला. फोटो निघाला, हिस्टोग्राम उघडला. डावीकडे दगडांचा मोठा डोंगर, आणि उजवीकडे १९०च्या आसपास भंडाऱ्याचा दुसरा उंचवटा. त्याच्यापासून २५५ची भिंत लांब आहे. म्हणजे धोका नाही, असं कुणीही म्हणेल.

चूक इथेच होते. बहुतेक कॅमेरे सुरुवातीला जो एकच पांढरा आलेख दाखवतात, तो उजेडाचा एकत्रित आलेख असतो. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा. एकत्रित आलेख काढताना त्यांची साधी सरासरी घेत नाहीत. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, म्हणून हिरव्याला साधारण ५९ टक्के, लालला ३० टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन देण्याची पद्धत आहे. उन्हातल्या भंडाऱ्याच्या एका ठिपक्यात लाल २५५, हिरवा १९० आणि निळा २० आहे असं धरू. लालचे ७६, हिरव्याचे ११२, निळ्याचे २, बेरीज १९०. लाल रंग भिंतीवर आपटून थांबलेला आहे, तरी एकत्रित आलेख १९०च दाखवतो. घरातला एक माणूस तापाने फणफणलेला असताना सगळ्या घराचं सरासरी तापमान सांगावं, तसा हा प्रकार.

आता एक्स्पोजर आणखी वाढलं, तर लाल २५५च्या पुढे जाऊच शकत नाही, पण हिरवा चढत राहतो, १९०चा २२५ होतो. लाल आणि हिरवा जवळ आले, की केशरी झाक असलेला हळदीचा पिवळा लिंबू-पिवळ्याकडे सरकतो. संध्याकाळी संगणकावर दिसलेला लिंबाचा रंग तो हाच. उधळलेल्या भंडाऱ्याचा रंगच बदललेला दिसला, तर लाल जळला असं बहुतेक वेळा समजावं.

यावर उपाय कॅमेऱ्यातच आहे. फोटो पाहताना डिस्प्ले किंवा इन्फोचं बटण दाबत गेलं, की एखाद्या पानावर तीन रंगांचे तीन वेगळे आलेख दिसतात. काही कॅमेऱ्यांत मेन्यूत जाऊन Brightness ऐवजी RGB निवडावं लागतं. जेजुरीच्या त्या फोटोत हे पान उघडलं असतं, तर लाल आलेखाचा सुळका उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला असता, हिरवा मोकळा, आणि निळ्याचा बराचसा भाग डाव्या भिंतीशी. निळ्याला पाहून घाबरायचं कारण नाही. गर्द पिवळ्यात निळा जवळजवळ नसतोच, एक्स्पोजर कमी पडल्याची ती खूण नव्हे.

मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती उणे एकवर न्यायची. शटर १/५००चा १/१००० होतो, म्हणजे प्रकाश निम्मा. पुन्हा एक फोटो, पुन्हा लाल आलेख. सुळका सुटून भिंतीच्या अलीकडे उतरता डोंगर दिसला, की पुढचे फोटो त्याच मापावर काढायचे. दगड गडद येतील, ते संगणकावर थोडे उजळता येतात. पालखी उन्हातून कमानीच्या सावलीत शिरली, की मात्र हिशेब पहिल्यापासून.

गुलालाच्या बाबतीत हा फसवा खेळ अधिकच रंगतो. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेत उधळणाऱ्या गुलालाच्या ठिपक्यात लाल २५५, हिरवा ४० आणि निळा १२० असेल, तर एकत्रित आकडा ११५च्या आतच येतो. आलेखाच्या बरोबर मध्यात, पुस्तकात छापावा असा, आणि तरीही लाल जळलेला.

या तीन आलेखांवरही आंधळा विश्वास नको. कच्चा, म्हणजे रॉ फोटो काढत असलात, तरी कॅमेरा आलेख बनवतो तो पडद्यावर दाखवायच्या जेपेग चित्रावरून. त्या चित्रावर रंगांची सेटिंग चढलेली असते. ‘व्हिव्हिड’ प्रकारात रंग आधीच भडक केलेले असल्याने लाल लवकर भिंत गाठतो. व्हाइट बॅलन्स सावलीसाठीचा ठेवून उन्हात फोटो काढले, तरी लाल वाढतो. रॉ फाइलमध्ये त्या वेळी थोडी जागा शिल्लक असू शकते, जेपेगमध्ये नसते. म्हणून अशा दिवशी ‘न्यूट्रल’ आणि उन्हाचा व्हाइट बॅलन्स बरा. शिवाय, आलेख ठिपके किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही. उजव्या भिंतीवरची रेघ पितळी घंटेवरच्या चमकेची आहे की देवाच्या मुखवट्याची, हे फोटो पाहूनच ठरवावं लागतं. जळालेल्या जागा पडद्यावर लुकलुकवणारी सूचना त्यासाठी सुरू ठेवावी, पण काही कॅमेऱ्यांत तीही एकत्रित उजेडावरच चालते.

जेजुरीला जाणं जमलं नाही, तरी लग्नसराईत हळद लागतेच. पुढच्या वेळी नवरीच्या गालावर उन्हात पहिली हळद लागली, की एक फोटो काढून लाल आलेख तेवढा पाहा, आणि भिंतीला टेकलेला दिसला, तर दुसरा गाल माखायच्या आत चकती उणे एकवर न्या.