देयकांच्या तारखा आणि व्याजाच्या तारखा

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत मालवाहतुकीची गोदामे पुष्कळ, आणि अशाच एका गोदामात हिशेबनीस म्हणून हयात घालविलेले आमचे शेजारी काका जेव्हा जन्माच्या शिलकीतून दरमहा उत्पन्नाची तजवीज करावयास बसले, तेव्हा त्यांनी प्रथम व्याजाचे दर पाहिले नाहीत. मागील वर्षाची सारी देयके तारेवरून उतरवून त्यांनी ती तारखेच्या क्रमाने लावली. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत किराणा, दूध आणि मोलकरणीचा पगार मिळून तेरा हजारांच्या आसपास. मध्यावर औषधे व विजेचे बिल मिळून तीन हजार. आणि ऑक्टोबरात आरोग्यविम्याचा वार्षिक हप्ता पंधरा हजारांचा. जमेच्या बाजूस भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन दरमहा २,४०० रुपये आणि हाती असलेले चोवीस लाख.

सर्वांत अधिक व्याज ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ८.२ टक्के, म्हणून सारीच रक्कम तीत घालावी, असा त्यांच्या भाच्याचा आग्रह होता. "मामा, तीन खाती तीन निरनिराळ्या महिन्यांत उघडा, म्हणजे दर महिन्याला एकेका खात्याचे व्याज येत राहील," असे तो म्हणाला, आणि ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिचे निरसन येथे केलेच पाहिजे. या योजनेचे खाते कोणत्याही दिवशी उघडा, व्याज मिळावयाचे ते एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी या महिन्यांच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशीच. पहिल्या खेपेस ठेव ठेवल्यापासून तिमाही संपेपर्यंतच्या दिवसांपुरते आणि पुढे पूर्ण तिमाहीचे. खाती तीन असोत की एक, रक्कम त्या चार दिवशीच येणार.

मासिक उत्पन्न योजनेची रीत याहून भिन्न आहे. तीत व्याज ७.४ टक्केच, परंतु खाते ज्या तारखेला उघडले त्या तारखेपासून महिना पुरा होताच ते देय होते, अर्थात तारीख ठेवीदाराला निवडता येते. या सोयीचे मोल म्हणजे दरांतील ०.८ टक्क्यांचा फरक, आणि हिशेबनिसाच्या दृष्टीने काकांनी प्रश्न असा मांडला की ही महाग तारीख नेमक्या किती रकमेपुरती विकत घ्यावी. मध्याच्या तीन हजारांसाठी पाच लाख पुरतात, कारण त्यांचे दरमहा ३,०८३ रुपये येतात; आणि हेच पाच लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत असते तर वर्षाला चार हजार अधिक मिळाले असते. तेवढे सोडण्यास ते राजी झाले, त्याहून अधिक नाही. उरलेल्यांतील सोळा लाख त्यांनी ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, ज्यांचे दर तिमाहीस ३२,८०० येतात. त्याचे तीन भाग करून एकेक भाग दरमहा बचत खात्यातून काढला की १०,९३३ होतात, आणि निवृत्तिवेतन मिळवून पहिल्या आठवड्याचा खर्च भागतो. ज्याच्या हाताला असे भाग करण्याची सवय नाही त्याने मात्र मासिक योजनेत अधिक ठेवावे, असे माझे मत आहे. तिसऱ्या महिन्यात उसनवारी करण्यापेक्षा थोडे व्याज गेलेले बरे.

विजेच्या बिलाची अंतिम मुदत बहुधा अठराच्या आसपास असते, म्हणून मासिक खात्यासाठी बारा तारीख ठरली. सुटी आली तरी चार-पाच दिवसांची सवड राहते. परंतु बाराला धनादेश देऊन हे साधत नाही. धनादेशाने उघडलेल्या खात्याची तारीख ही तो वटल्याची धरली जाते, आणि पासबुकावर एकदा पडलेली तारीख पुढे पाच वर्षे चालते. म्हणून काकांनी पैसे आधी टपालाच्या बचत खात्यात आणविले, ते जमा झाल्याची नोंद पाहिली आणि बाराला त्या खात्यातूनच रक्कम वळती करविली. व्याज आपोआप बचत खात्यात जमा व्हावे, असेही अर्जात लिहून दिले. न उचललेल्या मासिक व्याजावर पुढे काही व्याज चढत नाही.

विम्याच्या हप्त्यासाठी पाच वर्षांची मुदत ठेव निवडली, कारण तिचे व्याज वर्षातून एकदाच मिळते आणि वार्षिक खर्चास तेच सोयीचे. दोन लाखांवर ७.५ टक्के दराने, तिमाही चक्रवाढ धरून, सुमारे १५,४०० रुपये होतात; ठेव सप्टेंबरच्या मध्यास केल्याने ते हप्त्यापूर्वी पोचतात.

राहिलेला एक लाख बचत खात्यात चार टक्क्यांवर पडून आहे, आणि भाच्याला तो अजूनही खटकतो. परंतु नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालू लागला की बिल दुपटीच्या पलीकडे जाते, तो फरक या लाखातूनच निघतो. आणि अचानक इस्पितळात जाणे झाले तर मासिक खाते पहिल्या वर्षात मोडताच येत नाही, पुढे तीन वर्षांपर्यंत मोडल्यास मुद्दलातून दोन टक्के, म्हणजे पाच लाखांवर दहा हजार, कापले जातात.