आधी शब्द, मग इमोजी

मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 🙏💐 ही जोडी दोन प्रसंगी हमखास येते. कुणाचा वाढदिवस असला की येते आणि कुणी गेलं की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या शेवटी येते. वय वाढत जातं तसा दुसरा प्रसंग जास्त वेळा येऊ लागतो. अशा वेळी भाच्याच्या लग्नाची पत्रिका या दोन चिन्हांनी सुरू झाली तर काय होईल? फोन वाजतो, पडद्यावर सूचनेची पट्टी दिसते आणि तिच्यात संदेशाच्या सुरुवातीचे मोजके शब्दच मावतात. भाच्याचं नाव, जोडलेले हात, फुलांचा गुच्छ. चष्मा शोधून संदेश उघडेपर्यंत मावशीच्या काळजात धस्स होतं. पाठवणाऱ्याने ती फुलं आनंदानेच टाकलेली असतात.

उपाय सोपा आहे. संदेशाची पहिली ओळ शब्दांची ठेवायची: ‘आमच्या मुलीच्या लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण’. त्यानंतर 🙏 आला तर तो नमस्कारच वाटतो.

इमोजी पत्रिकेत शोभत नाहीत, असं काही वडीलधारे म्हणतात. मला ते पटत नाही. छापील पत्रिकेतही चित्रं होतीच की. माथ्यावर गणपती, बाजूंना कलश, कडेने वेलबुट्टी, कोपऱ्यात सनई-चौघडा. मात्र त्यांची जागा ठरलेली होती. मुहूर्त चित्राने सांगितला जात नव्हता आणि वधूच्या नावाऐवजी फूल छापलं जात नव्हतं. इमोजीलाही तीच जागा द्यावी, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला, शब्दाच्या शेजारी. शब्दाच्या जागी कधीच नाही. तरुण पाहुणे संदेश वरून खाली भराभर चाळतात आणि हळद कुठे, जेवण कुठे हे चिन्हावरून शोधतात. आजोबा तीच ओळ शब्दाशब्दाने वाचतात. एकाच ओळीत दोघांची सोय होते.

म्हणूनच थोरांसाठी एक आणि मित्रांसाठी एक अशा दोन पत्रिका करू नयेत. संदेश पुढे जात राहतात. मित्रांसाठी केलेली, 💀 आणि 😭 पेरलेली पत्रिका दुसऱ्या दिवशी काकांच्या ग्रुपवर पोचते. विशी-पंचविशीतली मुलं ही दोन्ही चिन्हं ‘हसून हसून मेलो’ या अर्थाने वापरतात. काकांना मात्र मंगलकार्याच्या निमंत्रणात कवटी आणि अश्रू दिसतात.

पत्रिकेचे दोन भाग करावेत: एक चित्र आणि त्यासोबत मजकुराचा संदेश. ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, कुलदैवताचं नाव, चि. आणि चि. सौ. कां., आजी-आजोबांची नावं, ‘आपले नम्र’ हा सगळा थाट चित्रात शोभतो. गणपती, कलश, मुंडावळ्या यांची इमोजी नाहीतच, त्यामुळे ती चित्रातच काढावी लागतात. पण चित्राची एक मर्यादा आहे. ज्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून घेतलंय, त्यांना संदेशातला मजकूर मोठा दिसतो, चित्रातली अक्षरं मात्र आहेत तेवढीच राहतात. दोन बोटांनी चित्र ताणून वाचणं थरथरत्या हाताला जमत नाही. शिवाय मजकुरातल्या फोन नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागतो. तेव्हा कामाची माहिती मजकुरात हवीच. तारीख आणि ठिकाण मात्र चित्रातही ठळक असावं, कारण पुढे पाठवताना लोक कधी कधी नुसतं चित्रच पाठवतात.

साताऱ्यातलं एक लग्न डोळ्यांसमोर धरून मजकूर लिहायचा तर मी असा लिहीन:

*आमच्या मुलीच्या लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण* 🙏
आपण सहकुटुंब यावं, ही विनंती.

🌼 हळद : शनिवार, २० फेब्रुवारी २०२७, सायंकाळी ५ वाजता, राहत्या घरी
🪔 विवाह : रविवार, २१ फेब्रुवारी २०२७, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी
🍽️ भोजन : अक्षता पडल्यानंतर लगेच
📍 स्थळ : कार्यालयाचं नाव, जवळची ओळखीची खूण, सातारा
📞 घरचा नंबर आणि तो कुणाचा आहे ते नाव

एका ओळीला एकच चिन्ह आहे आणि ते झाकलं तरी ओळ पूर्ण वाचता येते. पत्रिका जमली की नाही हे पाहायची माझी कसोटी हीच. प्रत्येक इमोजीवर बोट ठेवून वाचा. कुठे अर्थ अडला तर तिथे शब्द कमी पडलाय. पहिल्या ओळीच्या दोन्ही टोकांना ताऱ्याचं चिन्ह ठेवलं की व्हॉट्सॲपमध्ये ती ओळ ठळक होते. संदेश फार लांबला तर पुढचा भाग ‘आणखी वाचा’च्या मागे दडतो, म्हणून कविता, सुविचार आणि चिमुकल्यांची ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ ही लाडिक ओळ चित्रात घ्यावी.

आता चिन्हं निवडताना कुठे ठेच लागते ते पाहू. कलश म्हणून पुष्कळ जण ⚱️ टाकतात. दिसायला तो कलशासारखा आहे खरा, पण युनिकोडच्या यादीत त्याचं नावच अस्थिकलश अशा अर्थाचं आहे. त्याच्या शेजारचा 🏺 हा प्राचीन ग्रीक धाटणीचा रांजण आहे. दोन्ही टाळावेत. 💒 हे लग्नाचं चिन्ह म्हणून यादीत सहज सापडतं, पण ते चर्चचं चित्र आहे. 👰 मधली वधू पांढऱ्या झग्यात, डोक्यावरून ओढणीसारखं झिरझिरीत वस्त्र घेतलेली. वसईतल्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरच्या निमंत्रणात ही दोन्ही अगदी चपखल बसतात. नऊवारी, शालू आणि मुंडावळ्यांच्या लग्नात ती परकी वाटतात. बौद्ध विवाहात वधूवर पांढरी वस्त्रं नेसतात, तिथे 🛕 किंवा ॐ नको; कमळ 🪷 किंवा धम्मचक्र ☸️ घ्यावं.

हृदयांच्या रंगाकडेही लक्ष असू द्यावं. फिकट रंगांच्या सजावटीची सध्या आवड आहे, म्हणून 🤍 आणि 🖤 टाकले जातात. ज्या घरात मंगळसूत्राचे मणी आणि संक्रांतीची साडी सोडली तर शुभकार्यात काळा रंग वर्ज्य मानतात, तिथे काळं हृदय डोळ्यांना खुपतं. 💛 आणि ❤️ म्हणजे हळद-कुंकवाचे रंग. ते सगळ्यांना चालतात आणि तरुणांनाही जुनाट वाटत नाहीत.

तारीख आणि वेळ सांगायला चिन्ह वापरूच नये. 📅 या इमोजीत एक तारीख आधीच छापलेली असते. ॲपलच्या फोनवर ती १७ जुलै आहे, आणि त्यावरूनच त्या दिवशी जागतिक इमोजी दिन पाळतात. फेब्रुवारीतल्या लग्नाच्या ओळीआधी जुलैचं पान दिसलं तर बारकाईने वाचणाऱ्या माणसाचाच गोंधळ होतो. घड्याळाची इमोजी फक्त पूर्ण तासाची आणि अर्ध्या तासाची आहेत. १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त त्यांत बसत नाही आणि मुहूर्ताला पाच मिनिटं म्हणजे काय, हे मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींना विचारावं.

मग येतो फोनचा प्रश्न. साडी 🥻, पणती 🪔 आणि देऊळ 🛕 ही चिन्हं २०१९ साली आली, कमळ २०२१ साली. त्याआधीचा फोन किंवा कित्येक दिवसांत अद्ययावत न केलेलं ॲप असेल, तर त्यांच्या जागी नुसता चौकोन दिसतो. घरातला सर्वांत जुना फोन शोधून संदेश आधी त्यावर पाठवावा. चौकोन दिसला तर पणतीच्या जागी 🌺 घ्यावं, जास्वंदासारखं दिसणारं हे फूल खूप आधीपासून आहे. ज्यांची नजर अधू आहे ते संदेश फोनकडून वाचून घेतात. तेव्हा फोन प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारतो. ओळीने दहा फुलं टाकली असतील तर दहा वेळा तेच नाव ऐकावं लागतं आणि मुहूर्त येईपर्यंत ऐकणारा कंटाळतो. एका ओळीला एक चिन्ह ठेवण्याचं हेही कारण.

चित्र तयार करताना देवनागरी फाँट तपासायला ‘वऱ्हाडी’ आणि ‘श्री’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. काही ॲपमध्ये ऱ्ह तुटतो आणि पाय मोडलेला र वेगळाच उभा राहतो. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर जुन्या वाचकांच्या लगेच लक्षात येतं. मुक्त आणि तिरो देवनागरी मराठी हे फाँट विनामूल्य मिळतात. दुसऱ्याचं नावच सांगतं तसा तो मराठी वळणासाठी घडवलेला आहे. फोनवर पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप आकसून टाकतं, बारीक अक्षरं पुसट होतात. म्हणून चित्रात नावं मोठी आणि मजकूर थोडा ठेवावा. जवळच्यांना तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं की मूळ दर्जा टिकतो.

पाठवण्याच्या पद्धतीत हल्ली एक धोका शिरलाय. लग्नपत्रिकेच्या नावाखाली `.apk` फाइल पाठवायची आणि ती उघडली की फोनमधली माहिती चोरायची, असे प्रकार झाले आहेत. २०२४ साली हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी याबद्दल लोकांना सावध केलं होतं. त्यामुळे अनोळखी नंबरवरून आलेली पत्रिका उघडू नका, असं मुलंच आईवडिलांना बजावतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून पत्रिका चित्र किंवा पीडीएफ या रूपातच पाठवावी. लिंक द्यायचीच तर फक्त नकाशाची, तीही पत्ता शब्दांत लिहून झाल्यावर. आणि ज्यांच्याकडे नवरानवरीचा नंबर नाही त्यांना पत्रिका आईवडिलांच्या फोनवरून जावी.

ब्रॉडकास्ट यादी वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. एका यादीत जास्तीत जास्त २५६ माणसं मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. गावाकडच्या आत्याने तुमचा नवा नंबर जतन केलेला नसतो. तुमच्याकडे पत्रिका गेल्याची खूण दिसते, तिच्याकडे काहीच येत नाही, आणि ‘आम्हाला बोलावणं नाही’ हा रुसवा वर्षानुवर्षं टिकतो. दोन दिवसांत ज्यांच्या नावापुढे दोन टिचक्या उमटल्या नाहीत त्यांची वेगळी यादी करावी, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाला घरातल्या थोरल्या माणसाने फोन करून आमंत्रण द्यावं.