चॅटबॉट काउंटरवर बसवण्याआधी

शाखाधिकारी साहेब, कंपनीचा माणूस येऊन लॅपटॉपवर चॅटबॉट दाखवून गेला, सगळी उत्तरं झकास आली आणि संचालक मंडळाचं जवळजवळ ठरल्यातच जमा आहे, असं तुम्ही म्हणता. त्या प्रात्यक्षिकातली एक गोष्ट लक्षात घ्या. प्रश्नही कंपनीच्याच माणसाचे होते. "मुदत ठेवीचे व्याजदर काय आहेत?" असं तुमच्या काउंटरवर फारसं कोणी विचारत नाही. तिथे येणारा म्हणतो, "मालक वारले, त्यांचं काढून द्या की." नाहीतर, "सगळ्यांचं जमा झालं, माझंच कसं नाही आलं?" चॅटबॉट कुठे कामाचा आणि कुठे घातक, हे या दोन प्रश्नांवर नीट कळतं. म्हणून गैरसमजही त्यांच्याच अंगाने पाहू.

गैरसमज : त्याला रिझर्व्ह बँकेचे सगळे नियम पाठ असतात

नियम पाठ असणं ही गोष्टच त्याच्यात नाही. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज बांधायला तो शिकलेला असतो. त्या अंदाजातून सफाईदार वाक्य तयार होतं. वाक्य बरोबर असो की चूक, सफाई तेवढीच असते. काउंटरवरचा क्लार्क चुकताना निदान अडखळतो. हा अडखळत नाही, आणि धोका तिथेच आहे.

आता पहिला प्रश्न घ्या. समजा, एक खातेदार वारले. बचत खात्यात 1 लाख 12 हजार, मुदत ठेवीत 5 लाख 40 हजार, म्हणजे एकूण 6 लाख 52 हजार. नॉमिनीचा रकाना कोरा. पत्नी मुलाच्या मोबाइलवरून चॅटबॉटला विचारते, "पैसे काढायला काय काय लागेल?"

मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये नवे निर्देश काढले. नॉमिनी नसेल तर ठरावीक रकमेपर्यंतचा दावा सोप्या पद्धतीने, मोजक्या कागदपत्रांवर निकाली काढायचा. ही मर्यादा इतर बँकांसाठी 15 लाख आणि सहकारी बँकांसाठी 5 लाख आहे. बँकेने स्वतः ती वाढवली असेल तर तेवढी. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र 15 लाखांचाच आकडा झळकला, आणि इंटरनेटवरच्या मजकुरात तोच जास्त वेळा येतो. निव्वळ सर्वसाधारण ज्ञानावर चालणारा चॅटबॉट त्या बाईंना काय सांगेल, याचा अंदाज तुम्हीच करा. "तुमची रक्कम 15 लाखांच्या आत आहे, हमीपत्र आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र आणा, काम होईल." बाई स्टॅम्प पेपर करून, नणंदेच्या सह्या घेऊन, एसटीने शाखेत येतात. तुम्ही मर्यादा वाढवलेली नसेल तर क्लार्क म्हणतो, ही रक्कम 5 लाखांच्या वर आहे, वारसा प्रमाणपत्रासारखे जादा कागद लागतील. क्लार्कचं बरोबर. पण बाईंच्या मोबाइलवर तुमच्याच बँकेच्या नावाने वेगळं लिहिलेलं आहे, आणि ते त्या सगळ्या काउंटरला दाखवणार.

यावर उपाय आहे, आणि तो कंपनीपेक्षा जास्त तुमच्या हातात आहे. चॅटबॉटला मनाने उत्तर देऊ द्यायचं नाही. ग्राहकाचा प्रश्न आला की आधी तुमच्या बँकेची परिपत्रकं, व्याजदरांचा तक्ता आणि दाव्यांचं धोरण यांत शोध घ्यायचा, सापडलेला परिच्छेद त्याच्यासमोर ठेवायचा आणि त्यावरूनच उत्तर द्यायला लावायचं, अशी बांधणी करता येते. त्या परिच्छेदात उत्तर नसेल तर "हे शाखेत विचारा" एवढंच सांगायचं. त्याची खूण सोपी आहे. प्रत्येक उत्तराखाली परिपत्रक क्रमांक आणि तारीख यायला हवी. ती येत नसेल तर उत्तर कुठून आलं, हे तुम्हालाही कळणार नाही.

पण इथेच घरातलं कपाट उघडं पडतं. जिल्हा बँकांमध्ये परिपत्रकाचं स्कॅन तिरकं, शिक्का मजकुरावर, आणि 2019 चं परिपत्रक 2023 च्या परिपत्रकाने रद्द झालं ते फक्त जुन्या हेडक्लार्कना माहीत. दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये दिले तर चॅटबॉट दोन्हीकडे सारख्याच आदराने पाहतो आणि प्रश्नाच्या शब्दांशी जो जास्त जुळेल तो उचलतो. मग नव्या नियमाची मर्यादा आणि जुन्या नियमाची कागदपत्रं यांची खिचडी झालेलं उत्तर येतं. तेव्हा चॅटबॉटचं खरं काम सॉफ्टवेअर येण्याआधी सुरू होतं. कोणी तरी बसून रद्द झालेली परिपत्रकं बाजूला काढली पाहिजेत, स्कॅनमधला मजकूर वाचता येईल असा टाइप करून घेतला पाहिजे आणि नवं परिपत्रक निघेल त्याच दिवशी ते आत घालायची जबाबदारी एका नावावर टाकली पाहिजे. या कामाचे पैसे कंपनीच्या कोटेशनमध्ये बहुतेक नसतात.

गैरसमज : खातं जोडलं की तो पैशांचं सगळं सांगेल

आता दुसरा प्रश्न. लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये शेजारणीला आले, मला नाही. चॅटबॉटला कोअर बँकिंगशी जोडलं, ग्राहकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवून ओळख पटवली आणि त्याला फक्त पाहण्याची मुभा दिली, तर तो खात्यातल्या नोंदी वाचून सांगू शकतो. "1 तारखेपासून आतापर्यंत या योजनेची रक्कम तुमच्या खात्यात जमा झालेली नाही." हे उत्तर खरं, उपयोगी, आणि पासबुक छापायच्या रांगेतली बरीच माणसं कमी करणारं आहे.

का जमा झाली नाही, हे मात्र तुमच्या खतावणीत लिहिलेलंच नसतं. थेट लाभाची रक्कम आधारवरून जाते. एनपीसीआयच्या नोंदीत त्या आधारला लाभासाठी जी बँक शेवटची जोडलेली असेल, तिथे ती पडते. बाईंनी मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि फॉर्मवर आधार जोडायला संमती दिली, तर तुमच्या शाखेतलं खातं कितीही जुनं असलं तरी हप्ता तिकडे जाईल. किंवा विभागाकडे अर्जच अडकलेला असेल. यातलं काहीच चॅटबॉटला दिसत नाही, कारण ते तुमच्या बँकेलाच दिसत नाही. तरीही त्याला मोकळं सोडलं तर तो माणसाला बरं वाटेल असं काही तरी बोलतो : "काळजी करू नका, दोन-तीन दिवसांत जमा होईल." कशावरून? कशावरूनही नाही. अशा प्रश्नाला ठरलेलंच उत्तर हवं. खात्यात जमा नाही एवढं सांगायचं, आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली दिसते ते पाहायला सांगायचं, आणि अर्जाची चौकशी संबंधित विभागाकडे करायला सांगायचं. तारीख कधीही द्यायची नाही.

याच ओघात हिशेबाचं सांगतो. दीड लाख रुपये, द.सा.द.शे. 7 टक्के, 300 दिवस, यावर 8630 रुपये व्याज होतं. हा आकडा भाषेच्या अंदाजातून काढायचा नसतो. गणित कोअर बँकिंगने करायचं आणि चॅटबॉटने ते फक्त वाक्यात बसवायचं. पीककर्जाला वेळेत फेड केल्यावर मिळणारी व्याज सवलत त्या खातेदाराला लागू आहे का, हा तर निर्णय आहे. तो तुमच्या सहीचा.

गैरसमज : चुकला तर कंपनी पाहून घेईल

कॅनडातल्या एका प्रकरणाचा निकाल संचालक मंडळापुढे ठेवण्यासारखा आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की नातेवाइकाच्या मृत्यूमुळे मिळणारी भाडेसवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीचा नियम उलट होता. वाद ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणात गेला. चॅटबॉट ही जणू स्वतंत्र व्यक्ती आहे आणि तिच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, अशा धाटणीचा बचाव विमान कंपनीने केला. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला. संकेतस्थळावरच्या सगळ्या माहितीला कंपनीच जबाबदार, मग ती साध्या पानावर असो वा चॅटबॉटच्या तोंडी. रक्कम किरकोळ होती, सगळं मिळून आठशेच्या आसपास कॅनेडियन डॉलर. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण ग्राहकाच्या हातातला स्क्रीनशॉट तुमच्या बँकेच्या नावाचा असतो, सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाचा नाही, हे इथेही खरं आहे.

म्हणून काही प्रश्न चॅटबॉटकडे अडकूच द्यायचे नाहीत. "माझ्या खात्यातून पैसे गेले" हे त्यातलं पहिलं. फसवणूक किती दिवसांत बँकेला कळवली, यावर ग्राहकाच्या डोक्यावर किती नुकसान येणार ते ठरतं. चॅटबॉटने दिलगिरीचे दोन परिच्छेद लिहिले आणि तक्रार मात्र कुठेच नोंदली गेली नाही, तर ग्राहक समजतो कळवलं, आणि बँक म्हणते कळवलंच नाही. अशा वाक्याला लगेच कार्ड बंद करायची सोय, तक्रार क्रमांक, 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आणि माणसाचा फोन, एवढंच हवं.

गैरसमज : मराठी येते म्हणजे आपली माणसं त्याला कळतात

छापील मराठी त्याला बऱ्यापैकी कळते. पण तुमचे निम्मे ग्राहक रोमन लिपीत "boja kadhi utrel" असं लिहितील, उरलेले बोलून विचारतील. सातबाऱ्यावरचा बोजा, नील दाखला, सोसायटीचं जुनं-नवं, हे शब्द तो कसे घेतो ते तपासल्याशिवाय कळत नाही. बोजा म्हणजे डोक्यावरचं ओझं समजून त्याने धीर दिला, तर हसू येईल. पण ग्राहकाचा सातबारा तसाच राहील.

तपासायला तज्ज्ञ लागत नाही. आठवडाभर काउंटरवर वही ठेवा आणि लोक जसे बोलतात तसेच प्रश्न उतरवून घ्या. त्यांची बरोबर उत्तरं तुमच्या जुन्या हेडक्लार्ककडून लिहून घ्या. मग प्रत्येक प्रश्न चॅटबॉटला वेगवेगळ्या शब्दांत दोन-तीनदा विचारा. दर वेळी उत्तर बदलत असेल तर ते अंदाजाने आलेलं आहे. "मला माहीत नाही, शाखेत विचारा" हे उत्तर बरोबर धरा, आणि ठसक्यात दिलेलं चुकीचं उत्तर सगळ्यात मोठी चूक धरा.

करारावर सही होण्याआधी ती वही कंपनीच्या माणसापुढे ठेवा. चुकीच्या उत्तराची भरपाई कोण करणार, ग्राहकांचं बोलणं कोणत्या सर्व्हरवर आणि किती दिवस राहणार, त्यात कोणी पिन किंवा आधार क्रमांक टाइप केला तर तो पुसला जाणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर सही करू नका.