व्याजावरचे चार रुपये

समजा, लोधिवलीतल्या एखाद्या बचत गटाने महिना 2 टक्के व्याजाने 10,000 रुपये कर्ज दिलं. पहिल्या महिन्याअखेर येणं 10,200. दुसऱ्या महिन्यात सरळ व्याजाने 10,400 होतात, चक्रवाढीने 10,404. वरचे चार रुपये म्हणजे आधीच्या 200 रुपये व्याजावरचं व्याज. वर्षाअखेर हाच फरक 282 रुपयांवर जातो: 12,400 आणि सुमारे 12,682.

महिन्याचा दर x आणि महिने n धरले, तर गणितात हे असं लिहितात: (1+x)ⁿ ≥ 1+nx. याला बर्नुलीची असमता म्हणतात. ती प्रत्येक महिन्याला खरी असते, हे गणिती विगमनाने दाखवता येतं. n = 1 असताना दोन्ही बाजू सारख्याच. आता k महिन्यांपर्यंत ती खरी आहे असं धरा आणि दोन्ही बाजूंना (1+x) ने गुणा. उजवीकडे येतं:

(1+kx)(1+x) = 1+(k+1)x+kx²

शेवटचं kx² म्हणजे आपले ते चार रुपये. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून ते टाकून दिलं तर उजवी बाजू वाढत नाही आणि उरतं 1+(k+1)x. एका महिन्यावरून पुढच्या महिन्यावर जाता आलं, की सगळे महिने आलेच.

गोम गुणण्यात आहे. 1+x ऋण असेल तर गुणताना चिन्ह उलटतं, म्हणून x ≥ −1 ही अट. दरसाल 10 टक्के घसारा चालतो: तीन वर्षांनी 0.729, आणि 0.7 पेक्षा ते जास्तच. पण x = −4, n = 3 घ्या: डावीकडे −27, उजवीकडे −11.