‘त्वरा करा’ न म्हणता

दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या गावातल्या कापड दुकानाच्या फेसबुक पानावर साधारण असा मजकूर येतो: ‘धमाका! धमाका!! दिवाळी महासेल! ५० टक्क्यांपर्यंत सूट!! फक्त २ दिवस! स्टॉक संपण्याआधी त्वरा करा! आजच भेट द्या! लाइक करा, शेअर करा, ५ मित्रांना टॅग करा!’

वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या अंगावर कोणीतरी ओरडतंय. दुकानदाराला सांगितलं तर तो उद्गारचिन्हं कमी करतो आणि मजकूर तसाच ठेवतो. पण दोष चिन्हांचा नाही. एवढ्या ओळींत गिऱ्हाइकाला पाच आज्ञा मिळाल्या आणि माल कोणता, केवढ्याला, कधीपर्यंत, यातलं काहीच कळलं नाही. हाच दुकानदार गल्ल्यावर बसला की असं बोलत नाही. ‘या, बसा, बघून तर घ्या, घ्यायलाच पाहिजे असं नाही,’ असं म्हणतो. पोस्टमध्येही तेच बोलायचं असतं.

आधी ‘५० टक्क्यांपर्यंत’ बघू. सगळी गडबड त्या ‘पर्यंत’मध्ये आहे. बहुतेक वेळा निम्म्या किमतीत गेल्या वर्षीचे उरलेले चार नग असतात आणि बाकी मालावर दहा टक्के सूट असते. ते दुकानात आल्यावर कळतं, आणि गावातलं गिऱ्हाईक ते विसरत नाही. थोडाच माल स्वस्त दाखवून लोकांना ओढायचं आणि साठा मर्यादित आहे हे सांगायचं नाही, हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनाही चालत नाही. त्यापेक्षा एका वस्तूची जुनी आणि नवी किंमत लिहावी. जुनी किंमतही खरीच असावी. सेलच्या आदल्या दिवशी चिकटवलेली नव्हे. ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ हे तर नकोच. विचारलं की घ्यावं लागेल, या संकोचाने निम्मे लोक विचारतच नाहीत.

मग घाई. फेसबुक पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवत नाही. आज टाकलेली पोस्ट कुणाला तीन दिवसांनी दिसते. तेव्हा ‘आजच’ आणि ‘फक्त २ दिवस’ यांना अर्थ उरत नाही. तारीख आणि वार लिहावा. आणि लवकर बोलवायचं तर गिऱ्हाइकाच्या सोयीचं कारण द्यावं. साडीच्या दुकानात ते हाताशीच असतं: फॉल-पिकोला दिवस लागतात.

टॅग आणि शेअरची याचना तर सरळ अंगाशी येते. लाइक-शेअर-टॅग मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलू, असं फेसबुकने डिसेंबर २०१७मध्येच जाहीर केलं होतं.

आता २०२५च्या दिवाळीसाठी तीच पोस्ट अशी लिहिता आली असती:

‘भाऊबीजेला बहिणीसाठी साडी बघताय? काठापदराच्या सुती साड्या ९५० ऐवजी ८०० रुपयांना आहेत. बाकी साड्यांवर १० टक्के सूट.
शुक्रवार १७ ऑक्टोबर (वसुबारस) ते बुधवार २२ ऑक्टोबर (पाडवा), सकाळी १० ते रात्री ९.
शनिवारपर्यंत घेतलीत तर भाऊबीजेआधी फॉल-पिको करून मिळेल. संध्याकाळी गर्दी असते, निवांत बघायचं तर दुपारी या.
बहिणीला रंग नाही आवडला तर आठ दिवसांत बदलून देऊ, बिल तेवढं जपून ठेवा.’

पहिलं वाक्य दुकानाबद्दल नाही, घेणाऱ्याच्या कामाबद्दल आहे. ते वर हवंच, कारण लांब मजकूर असला की फेसबुक सुरुवातीच्या काही ओळींनंतर ‘आणखी पहा’ दाखवतं. दुकानाची चाळीस वर्षांची परंपरा तिथे लिहिली तर साडी खाली दडून राहते. शेवटची ओळ मला सगळ्यात कामाची वाटते. दुसऱ्यासाठी साडी घेणाऱ्याच्या मनात धास्ती असते ती रंगाचीच. अर्थात, बदलून द्यायची तयारी नसेल तर ती ओळ लिहू नये. ‘या’ हीसुद्धा आज्ञाच, पण इथे तिच्यामागे वाचणाऱ्याचा फायदा आहे.

सोबत फ्लेक्सवाल्याने बनवलेलं पोस्टर लावायचा मोह होतो. मोबाइलवर त्यातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. त्याऐवजी त्याच ८०० रुपयांच्या साडीचा, पदर उलगडून, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो लावावा. पिवळ्या दिव्याखाली हिरवा रंग वेगळाच दिसतो आणि मग ‘फोटोत असा नव्हता’ ही तक्रार येते.

नेमकेपणाची एक किंमत मात्र मोजावी लागते. ‘महासेल’ वाचून सहज डोकावणारे काहीजण अशा पोस्टमुळे येणार नाहीत. ज्याला साडी हवी आहे तोच येईल. नुसता जुना माल काढायचा असेल तर तेच लिहावं: ‘गेल्या वर्षीचे मुलांचे कुर्ते, वीसच नग, निम्म्या किमतीत, बदलून मिळणार नाहीत.’ नग संपले की पोस्ट संपादित करून वरच ‘संपले’ लिहावं, म्हणजे कोणाची फेरी फुकट जात नाही.