बाबांचे फोड आणि गोळ्यांच्या तारखा

मी डॉक्टरांना पाठवलेला पहिला मेसेज असा होता : "मॅडम, बाबांना अंगावर फोड आलेत. अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन वाटतेय. फोटो पाठवतेय, काय लावू?" सोबत तीन फोटो, तिन्ही ट्यूबलाइटखाली काढलेले आणि एक तर चक्क हललेला. वीस मिनिटांनी उत्तर आलं : "फोड कधी आले? खाज आधी होती का? तोंडात आहेत का? सगळ्या गोळ्यांची नावं आणि कधी सुरू झाल्या ते लिहा. जुन्यासुद्धा."

शेवटचे दोन शब्द मला जरा अनावश्यक वाटले. बाबा एकोणऐंशीचे. कराडला भावाकडे राहतात, मी पुण्यात. नवं औषध एकच होतं, खोकल्यासाठी पाच दिवस घेतलेलं अँटिबायोटिक, आणि ते संपल्यावर दोन दिवसांत मांडीवर फोड आला. बाकीच्या गोळ्या "पूर्वीपासूनच्याच". त्यांचा काय संबंध?

तरी कराडला गेले आणि गोळ्यांचा डबा घेऊन जमिनीवर बसले. आपल्याकडे हा डबा बहुधा मिठाईचा असतो. त्यात चालू गोळ्या, बंद झालेल्या गोळ्या, आईच्या गुडघ्याचं मलम आणि कात्रीने कापलेल्या अर्ध्या स्ट्रिपा. स्ट्रिप कापली की नाव एका तुकड्यावर जातं आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर. पुढे मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. आत औषध कोणतं, ते मागे चांदीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. मोबाइलच्या बॅटरीत एकेक स्ट्रिप उलटी करून वाचली.

साखरेच्या गोळीपाशी मी अडखळले. घरात सगळे म्हणत होते, "तीच मेटफॉर्मिन, अठरा वर्षं चालू आहे." स्ट्रिपवरच्या नावातही शेवटी "मेट" होतं. मागे मात्र दोन औषधं छापली होती : विल्डाग्लिप्टिन 50 मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम. ही जोडगोळी कधी आली, ते कुणालाच सांगता येईना. शेवटी भावाच्या फोनमध्ये केमिस्टची जुनी बिलं सापडली. पहिलं बिल नोव्हेंबर 2022 चं होतं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली होती. नाव सारखं दिसल्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसरा धागा खाजेचा. बाबांना विचारलं तर म्हणाले, "खाज ना? ती दिवाळीपासून आहे. थंडी होती, खोबरेल लावत होतो." म्हणजे फोडांच्या आधी जवळजवळ दोन महिने आणि अँटिबायोटिकच्याही आधी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण म्हाताऱ्या माणसाला थंडीत खाजतंच, असं त्यांचंही मत होतं.

त्या संध्याकाळी, 14 जानेवारी 2024 ला, दुसरा मेसेज पाठवला :

"नमस्कार मॅडम. वडील, वय 79, वजन 62 किलो. मधुमेह 2006 पासून, रक्तदाब 2012 पासून. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी माहीत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्यापासून : पोट, मांड्या, हातांवर खाज, रात्री जास्त. मध्येच लाल गांध्या.
2 ते 6 जानेवारी : खोकल्यासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड.
8 जानेवारी : उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला पहिला फोड. आज एकूण 14, दोन्ही बाजूंना. सर्वांत मोठा रुपयाच्या नाण्याएवढा. फोड ताठ आहेत, बोटाने दाबले तर फुटत नाहीत. आत पाण्यासारखा द्रव, दोनांत रक्त. शेजारची कातडी चोळून सरकत नाही.
तोंड, डोळे, लघवीची जागा : काही नाही. ताप नाही. दुखत नाही, खाजतं. जेवण-पाणी ठीक.

गोळ्या : विल्डाग्लिप्टिन 50 + मेटफॉर्मिन 500, दिवसातून दोनदा, नोव्हेंबर 2022 पासून (त्याआधी नुसती मेटफॉर्मिन 2006 पासून). अ‍ॅम्लोडिपिन 5, 2012 पासून. अ‍ॅटोर्वास्टॅटिन 10 आणि अ‍ॅस्पिरिन 75, 2018 पासून. टॅम्सुलोसिन 0.4 रात्री, 2020 पासून. शिवाय शेजाऱ्यांनी दिलेलं पोट साफ होण्याचं चूर्ण, डिसेंबरपासून अधूनमधून, घटक माहीत नाहीत.
स्वतःहून काही बंद केलेलं नाही. फोडांवर काही लावलेलं नाही. तीन फोटो, दिवसाच्या उजेडातले, शेजारी नाणं ठेवून."

चूर्ण लिहू नका, असं बाबा म्हणत होते. "ते काय औषध आहे?" मी लिहिलं.

या वेळी उत्तर पाच मिनिटांत आलं : "उद्या सकाळी घेऊन या. फोड फोडू नका. गोळी मनाने बंद करू नका."

त्यांना त्या मेसेजमध्ये काय दिसलं, ते नंतर त्यांनीच समजावलं. औषधाने फोड येतात तेव्हा औषध सुरू होणं आणि कातडी बिघडणं यांत किती दिवस गेले, यावर खूप काही ठरतं. सर्वांत भीतीचा प्रकार म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. तो साधारण औषध सुरू झाल्यापासून चार दिवस ते चार आठवडे या टप्प्यात येतो. यूरिक अ‍ॅसिडसाठीची अ‍ॅलोप्युरिनॉल, फिटसाठीची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, काही सल्फा औषधं ही त्यातली नेहमीची नावं. त्यात ताप येतो, तोंड आणि डोळे सोलवटतात, कातडी खाजण्यापेक्षा भाजल्यासारखी दुखते आणि चोळली की सरकते. असं काही दिसलं तर मेसेज लिहीत बसायचं नसतं. गोळ्यांचा डबा उचलायचा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

बाबांचं चित्र वेगळं होतं. अँटिबायोटिकवर आमचा संशय होता, पण खाज त्याच्या दीड महिना आधीची. ज्याला आम्ही कारण म्हणत होतो ते तारखेनेच मागे पडलं. उरला तो म्हातारपणचा एक आजार, बुलस पेम्फिगॉइड. बहुतेकदा सत्तरीनंतर होतो. आधी आठवडे किंवा महिने नुसती खाज आणि गांध्या, मग ताठ फोड. तोंड सहसा वाचतं.

फोड ताठ का, याचं कारण कातडीच्या रचनेत आहे. वरचा थर खालच्या थराला बारीक टाक्यांनी शिवलेला असतो असं समजा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्या टाक्यांमधल्या प्रथिनावरच उलटते. टाके उसवले की अख्खा वरचा थर उचलला जातो आणि खाली पाणी भरतं. छत जाड, म्हणून फोड टिकतो. पेम्फिगस हा नावाने जवळचा आजार. त्यात वरच्या थराच्याच पेशी एकमेकींपासून सुटतात, छत पातळ राहतं, फोड लगेच फुटतो आणि बहुतेकदा सुरुवात तोंडातून होते. 1953 साली वॉल्टर लीव्हर या डॉक्टरांनी हे दोन आजार वेगळे दाखवून दिले, त्याआधी ते एकाच नावाखाली जात. म्हणून "बोटाने दाबले तर फुटत नाहीत" ही ओळ फोटोपेक्षा जास्त सांगून गेली.

आता विल्डाग्लिप्टिन. ग्लिप्टिन वर्गातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो, असं अनेक देशांतल्या नोंदींमधून दिसलं आहे, आणि त्यात विल्डाग्लिप्टिनचं नाव ठळक आहे. भारतात डिसेंबर 2019 मध्ये तिचं पेटंट संपलं, गोळी एकदम स्वस्त झाली आणि घराघरांत पोचली. घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही. ज्यांना होतं त्यांना मात्र गोळी सुरू झाल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी होतं. फसगत होते ती इथे. नवं काय सुरू केलं, असं विचारलं की घरचे गेल्या पंधरवड्यातलं सांगतात, आणि चौदा महिने जुनी गोळी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

संशय म्हणजे निदान नव्हे. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कातडीचे दोन छोटे तुकडे घेतले. एक ताज्या फोडाच्या कडेचा, फॉर्मेलिनमध्ये. दुसरा शेजारच्या फोड नसलेल्या कातडीचा, वेगळ्या द्रवात, कारण फॉर्मेलिनमध्ये पडला की ती तपासणी वाया जाते. ती तपासणी म्हणजे इम्युनोफ्लुओरेसन्स. त्यात दोन थरांच्या सीमेवर प्रतिपिंडांची सरळ चमकती रेघ दिसली आणि निदान पक्कं झालं.

बाबांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून विल्डाग्लिप्टिन थांबवली आणि दुसऱ्या वर्गातली गोळी दिली. हे दोघांनी मिळून करायचं काम. घरच्यांनी परस्पर गोळी काढली तर साखर चढते, आणि या आजारावर स्टेरॉइड लागलं तर ती आणखी चढते. म्हणून मॅडमनी पोटातल्या स्टेरॉइडऐवजी क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड मलम अंगभर लावायला दिलं आणि सोबत डॉक्सिसायक्लिन. मलम फक्त फोडांवर लावायचं नसतं, चेहरा सोडून चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही लावायचं असतं. भावाला हे पटायला दोन दिवस लागले. मोठे फोड दवाखान्यात निर्जंतुक सुईने रिकामे केले, वरची कातडी तशीच ठेवून, कारण जखमेवरची ती सर्वांत चांगली पट्टी. मी रोज नव्या फोडांची संख्या वहीत लिहायला सांगितलं. तीन आठवड्यांनी तिथे शून्य पडलं. मलम मात्र हळूहळू कमी करत कित्येक महिने चाललं, आणि कातडी पातळ झाल्याने हातांवर जरा धक्क्यानेही काळेनिळे डाग पडू लागले. गोळी थांबवल्याने बरं वाटलं की मलमाने, हे एका माणसाकडे बघून सांगता येत नाही, असं मॅडम स्वच्छ म्हणाल्या. तरी ग्लिप्टिन वर्गातलं काहीच पुन्हा देऊ नये, असं त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं.

पुढच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साखर जास्त आली. नव्या फिजिशियननी सिटाग्लिप्टिन लिहून दिली. बाबांनी चष्मा लावला, चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशातून त्या पहिल्या पानाची घडी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली आणि सिटाग्लिप्टिनवर आडवी रेघ मारली.